करी रोड आधी की कर्जत? मुलांना शब्दकोशातला क्रम कसा समजवावा

प्रश्न: मुलगी चौथीत आहे, इंग्रजी माध्यमात. आम्ही मालाडला राहतो. घरी मराठी शब्दकोश आणलाय, पण तिला त्यात शब्द सापडत नाहीत. ‘आधी स्वर, मग व्यंजनं’ एवढं मी सांगितलं. आता ती विचारते की ‘क्रम’ हा शब्द ‘कमळ’च्या आसपास का नाही, आणि ‘अंगण’ अगदी पहिल्या पानांवर कसं? मलाच सांगता येईना. लहान मुलीला समजेल असं कुणी सांगेल का?

उत्तर:

तुम्ही सांगितलेला नियम बरोबर आहे. गडबड एवढीच की तो फक्त शब्दाच्या पहिल्या अक्षराला लावायचा असं मुलांना वाटतं. अ-आ-इ-ईचे शब्द आधी, मग क-ख-गचे, की संपलं. खरं तर तोच नियम शब्दाच्या पोटात पुन्हा पुन्हा लागतो, आणि तुमच्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मी परळच्या एका शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर पुस्तकांच्या शेवटी असते ती शब्दसूची करून देतो, म्हणजे दिवसभर चिठ्ठ्या अकारविल्हे लावणं हेच काम. तेव्हा वर्गात जसं सांगायचो तसंच इथे सांगतो.

आधी तिला शब्दाची फोड करायला शिकवा. ‘क’ हे एक अक्षर दिसतं, पण त्यात दोघं राहतात: क् आणि अ. अ दिसत नाही, कारण त्याला काना-मात्रा काही नाही. ‘का’मध्ये क् आणि आ, ‘कि’मध्ये क् आणि इ. काना, वेलांटी, उकार, मात्रा हे सगळे स्वरच आहेत, फक्त व्यंजनाला चिकटल्यावर त्यांनी वेश बदललाय. मुलांना हे वेश बदलण्याचं फार आवडतं. एकदा पटलं की ‘कानडी’ शब्दात स्वर कुठे आहेत असं विचारा, ती क् आ न् अ ड् ई असं सांगेल. शब्दकोश लावणारा माणूस शब्द असाच वाचतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाका. ‘कमळ’ म्हणताना शेवटच्या ळ मधला अ आपण उच्चारत नाही, पण कोश तो मोजतो. तसंच ‘चमचा’तला च आणि ‘चंद्रा’तला च आपण वेगळे म्हणतो, तरी कोशात दोघांची जागा एकच. कोश कानाने लावत नाहीत, लिहिलेल्या अक्षरांवरून लावतात.

आता कमळ आणि क्रम समोरासमोर ठेवा.

कमळ: क् अ म् अ ळ् अ
क्रम: क् र् अ म् अ

पहिलं घर दोघांचं सारखं, क्. दुसऱ्या घरात कमळमध्ये अ आहे, क्रममध्ये र् आहे. एक स्वर, एक व्यंजन. आणि आधी स्वर, मग व्यंजनं! म्हणजे क् च्या पुढे ज्या ज्या शब्दांत कुठलाही स्वर येतो ते सगळे शब्द आधी, आणि क् च्या पुढे थेट दुसरं व्यंजन येतं ते सगळे त्यांच्यानंतर. म्हणून क ची रांग अशी चालते: कमळ, कागद, किडा, कीर्तन, कुत्रा, कूस, कृपा, केळं, कैरी, कोल्हा, कौल, आणि मग क्रम. बाराखडीतले स्वर सगळे संपल्यावर जोडाक्षरांचा नंबर. जाड कोशात कमळ आणि क्रम यांच्यात कितीतरी पानं जातात ती यामुळे. तिने दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवून र आणि म पाहिले असणार, म्हणून तिला ते शेजारी असावेत असं वाटलं.

हाच नियम शब्दाच्या मधेही लागतो. ‘गाई’ आणि ‘गाजर’ घ्या. ग् आ दोघांत सारखं. पुढे एकात ई, दुसऱ्यात ज्. स्वर आधी, म्हणून गाई आधी. ‘घर’ आणि ‘घरटं’ यांत घर आधी, कारण ते संपलं. जो शब्द संपतो तो नेहमी पुढे उभा राहतो. हे मुलांना सांगावंही लागत नाही.

कागदावर एवढं पुरे. खरी समज चिठ्ठ्यांनी येते, आणि मुंबईत त्यासाठी लोकल ट्रेनइतकं चांगलं सामान नाही. जुन्या वहीची पानं कापून बारा चिठ्ठ्या करा आणि एकेकीवर एक नाव लिहा: कुर्ला, कोपरखैरणे, कसारा, कांदिवली, करी रोड, कळवा, किंग्ज सर्कल, कल्याण, कोपर, कर्जत, कांजूरमार्ग. ही अकरा स्टेशनं झाली. बाराव्या चिठ्ठीवर क्रॉफर्ड मार्केट लिहा. ते स्टेशन नाही हे मला माहीत आहे, पण जोडाक्षराने सुरू होणारं एक नाव हवंच. चिठ्ठ्या पिसून जमिनीवर पसरा आणि तिला लावू दे. तुम्ही बोलू नका.

लावायची रीत मात्र एक सांगून ठेवा. एकेक चिठ्ठी उचलून जागा शोधायला गेलं की मुलं गोंधळतात. आधी ढीग करायचे. पहिल्या अक्षराचा स्वर बघून क चा ढीग, का चा, कि चा, कु चा, को चा आणि क् + व्यंजनाचा. मग प्रत्येक ढीग आतून लावायचा. आम्ही सूची करणारेही हेच करतो, फक्त आमचे ढीग हजारांचे असतात.

बहुतेक वेळा कुर्ला, कोपर आणि किंग्ज सर्कल यांचे ढीग बरोबर पडतात. चूक होते ती क च्या ढिगात. तिथे पाच चिठ्ठ्या आहेत: करी रोड, कर्जत, कल्याण, कसारा, कळवा. माझ्या वर्गात दहातली सात मुलं कर्जत पहिलं ठेवायची. का? कारण डोळ्यांना ‘क’ आणि मग ‘ज’ दिसतो, त्यावर काहीतरी शिंग आहे. ‘कज’ हे ‘कर’च्या आधीच येणार, त्यांचा तर्क बरोबर! फक्त ते शिंग म्हणजे रफार, आणि रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी उच्चारतात. कर्जत म्हणजे क् अ र् ज् अ त् अ. लिहिताना र् वर चढून बसला, पण रांगेत तो ज् च्या पुढे उभा आहे.

मग करी रोड आणि कर्जत पुन्हा पाहा. दोघांत क् अ र् सारखं. पुढे करीत ई, कर्जतमध्ये ज्. स्वर आधी, म्हणून करी रोड आधी. मुलीला हे स्वतःला सापडलं तर तिला पुन्हा कधी सांगावं लागणार नाही. रफाराची परीक्षा घ्यायची असेल तर ‘कुर्ला’ आणि ‘कुलूप’ द्या. कुर्लाचा र् पाहायला चुकली तर ती कुर्ला आणि कुलूप दोन्ही ‘कुल’ समजून कुलूपच्या आसपास भलत्याच जागी ठेवेल. खरं म्हणजे कुर्ला बराच आधी, ‘कुरण’ आणि ‘कुरूप’ यांच्या मागे.

तसाच सापळा ऱ्हस्व वेलांटीचा. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो, तेव्हा लहान मुलांना वाटतं की शब्द इ ने सुरू होतो. चौथीतल्या मुलीला हे बहुधा ठाऊक असेल, पण ‘विलेपार्ले’ इ मध्ये शोधणारं मूलही मी पाहिलंय. त्या वेळी हसू नये, हाताने पाटी पुढे सरकवावी.

आता कळवा. पाच चिठ्ठ्यांत मुलं कळवा कल्याणच्या शेजारी ठेवतात, कारण ल आणि ळ हे त्यांना भाऊ वाटतात. मराठी वर्णमालेत मात्र ळ शेवटाकडे आहे: य र ल व श ष स ह ळ. म्हणजे क च्या ढिगाचा क्रम करी रोड, कर्जत, कल्याण, कसारा, कळवा. कसारा आधी, कळवा नंतर. तुम्ही ही यादी फोनवर किंवा कॉम्प्युटरवर टाइप करून आपोआप लावून घेतलीत तर अनेकदा उलटं येतं, कळवा कल्याणच्या लगेच मागे आणि मग कसारा. हे चुकून होत नाही. युनिकोडच्या तक्त्यात ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे ठेवलेला आहे, आणि ज्या प्रोग्रॅमला मराठीचा क्रम वेगळा सांगितलेला नाही तो नुसते क्रमांक बघून यादी लावतो. शाळेच्या हजेरीपटापासून लग्नाच्या आमंत्रणयादीपर्यंत हे मी पाहत आलोय. कोणी कॉम्प्युटरने लावलेली सूची माझ्याकडे तपासायला पाठवली की मी पहिल्यांदा ळ चे शब्द बघतो. ते ल ला चिकटलेले असले की कळतं, कुणी हात लावलेला नाही.

राहिले ढीग सोपे आहेत. का चे दोन: कांजूरमार्ग आणि कांदिवली. दोघांवर अनुस्वार आहे, तो सारखाच, पुढे ज आणि द. ज आधी. को चे दोन: कोपर संपतं म्हणून कोपर आधी, मग कोपरखैरणे. शेवटी क्रॉफर्ड मार्केट, एकटंच, सगळ्यांच्या मागे. पूर्ण रांग अशी: करी रोड, कर्जत, कल्याण, कसारा, कळवा, कांजूरमार्ग, कांदिवली, किंग्ज सर्कल, कुर्ला, कोपर, कोपरखैरणे, क्रॉफर्ड मार्केट.

हुशार मूल इथे विचारतं, कॉटन ग्रीन कुठे? शाळेच्या तक्त्यात हल्ली चौदा स्वर असतात: अ आ इ ई उ ऊ ऋ ऌ ए ॲ ऐ ओ ऑ औ. त्याप्रमाणे ऑ हा ओ च्या मागे, म्हणून कॉटन ग्रीन कोपरखैरणेच्या मागे आणि क्रॉफर्डच्या पुढे. इंग्रजीतून आलेल्या या दोन स्वरांना जुन्या कोशांत अशी स्वतःची पक्की जागा नसते. तेव्हा ‘कॉ’ किंवा ‘कॅ’चा शब्द एका जागी मिळाला नाही तर आजूबाजूला बघायचं, एवढं तिला सांगा.

आता अंगण. इथे तुमच्या मुलीचं चुकत नाही, बाराखडी तिला फसवतेय. बाराखडी म्हणताना आपण कं आणि कः सगळ्यात शेवटी म्हणतो. त्यामुळे अंगण औच्या मागे हवं असं कुणालाही वाटेल. पण आजच्या मराठी कोशांत सर्रास दिसणारी रीत वेगळी आहे: ज्या अक्षरावर अनुस्वार आहे ते त्याच्या साध्या अक्षराला चिकटून, पुढच्या सगळ्या अक्षरांच्या आधी येतं. अनुस्वार स्वरही नाही आणि व्यंजनही नाही, त्याला व्याकरणात स्वरादी म्हणतात. कोशात तो दोघांच्याही पुढे घुसतो. मी वर्गात त्याला ‘लहान आहे म्हणून पुढे उभा’ म्हणायचो. शाळेच्या रांगेत बुटकी मुलं पुढे असतात, ठिपका तर सगळ्यांत बुटका!

याचा सगळ्यांत मोठा पुरावा मराठी विश्वकोशाचा पहिला खंड. तो १९७६ साली आला आणि त्याच्या पाठीवर लिहिलंय ‘अंक ते आतुरचिकित्सा’. अकबर नाही, अकोला नाही, अंक. एखाद्या चांगल्या ग्रंथालयात तो खंड असतो. जवळपास कुठे असेल तर मुलीला नेऊन ती पाठ दाखवा. एवढ्या जाडजूड पुस्तकाची सुरुवात एका ठिपक्यामुळे ठरली हे मुलांच्या लक्षात राहतं.

हे पक्कं करायला चार छोट्या चिठ्ठ्या पुरतात: आकाश, आई, आंबा, आ. (‘आ’ हाही कोशात शब्द असतो, डॉक्टर तोंड उघडायला सांगतात तो.) आ संपतो म्हणून पहिला. मग अनुस्वारवाला आंबा. मग आई, कारण आ च्या पुढे स्वर आहे. मग आकाश, कारण तिथे व्यंजन आहे. आ, आंबा, आई, आकाश. शब्द संपला, ठिपका, स्वर, व्यंजन, अशा चार पायऱ्या या चार चिठ्ठ्यांत आल्या. याच्या पलीकडे रोजच्या वापरात काही फारसं लागत नाही.

लागतं ते क्ष आणि ज्ञ यांच्यापाशी. क्ष म्हणजे क् आणि ष, तेव्हा आपल्या नियमाने ‘क्षमा’ क च्या शेवटच्या टोकाला, क्रमच्याही मागे हवी. काही कोशांत ती तिथेच असते. पण क्ष आणि ज्ञ यांना शाळेच्या तक्त्यात ळ च्या मागे वेगळं दाखवतात, आणि काही कोश त्यांना तसंच अगदी शेवटी वेगळं घर देतात. यात चूक-बरोबर नाही, कोशकाराने काय ठरवलं एवढंच. नवा कोश हातात घेतला की मी स्वतः आधी ‘क्षमा’ आणि ‘ज्ञान’ कुठे आहेत ते बघतो. दोन मिनिटांत त्या कोशाची रीत कळते. मुलीलाही ती सवय लावा.

शब्द तरीही सापडत नसेल तर क्रमाऐवजी शुद्धलेखन तपासावं. ‘फूल’ शोधून झाल्यावर तिला ‘फुलपाखरू’ शोधायला सांगा. ती फूलच्या खालीच बघेल आणि मिळणार नाही. फूलला दीर्घ ऊ आहे, फुलपाखरूला ऱ्हस्व उ, आणि उ आधी. म्हणून फुलपाखरू आधीच्या पानांवर, मधे ‘फुशारकी’ वगैरे शब्द जाऊन मग फूल. मूल आणि मुलगा यांचंही तसंच. आणखी एक: धड्यात ‘घोड्याला’ असं असतं आणि मूल ‘घोड्या’ शोधत बसतं. कोशात घोडाच असतो. ‘पळाला’ म्हणून काही नसतं, ‘पळणे’ असतं. हे व्याकरण तिला शाळेत येईल, तोवर प्रत्यय सोडवून मूळ शब्द तुम्ही सांगितलात तरी चालेल.

पान उलटताना वरच्या कोपऱ्यात बघायला शिकवा. बहुतेक कोशांत तिथे त्या पानावरचा पहिला आणि शेवटचा शब्द छापलेला असतो. आपला शब्द त्या दोघांच्या मधे बसतो का, एवढंच ठरवायचं, बाकी पान वाचायचंच नाही.

क च्या चिठ्ठ्या जमल्या की म च्या द्या, तुमचं मालाडही त्यात आहे: मुलुंड, माहीम, मुंब्रा, मरीन लाइन्स, माटुंगा, मीरा रोड, मालाड, मशीद, मानखुर्द, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल. तिने लावून झाल्यावर ताडून बघायला उत्तर देतो: मरीन लाइन्स, मशीद, महालक्ष्मी, माटुंगा, मानखुर्द, मालाड, माहीम, मीरा रोड, मुंबई सेंट्रल, मुंब्रा, मुलुंड. मुंबई आणि मुंब्रा यांच्यापाशी ती अडेल, कारण मुं आणि ब् दोघांत सारखं आहे. मदत करू नका, फक्त दोन्ही नावांची फोड लिहायला सांगा. मुंबईत ब् च्या पुढे अ निघेल आणि मुंब्रामध्ये र्.